सेक्रेटरीला शोभेल असा प्राणी

कोपरच्या सुखसागर सोसायटीत राजीनामा देण्याची एक रीत आहे. पदाधिकाऱ्याने भर सभेत उठून "मग मी राजीनामाच देतो" म्हणायचं, बाकीच्यांनी "अहो, असं काय करता" म्हणायचं, कोणीतरी पाणी आणून द्यायचं आणि मग पुढचा विषय घ्यायचा. बँकेतून निवृत्त झाल्यापासून सेक्रेटरी असलेल्या रवींद्र ओव्हाळांनी या रीतीने आजवर पुष्कळ राजीनामे दिले होते. त्यामुळे मार्चच्या सभेत ते जेव्हा म्हणाले, "वार्षिक सभेपर्यंत या इमारतीत ओला आणि सुका कचरा वेगळा झाला नाही, तर मी सेक्रेटरीपद सोडतो," तेव्हा ते अगदी निश्चिंत मनाने खाली बसले आणि पाण्याची वाट पाहू लागले.

कोणी काही बोललं नाही. पंखा तेवढा फिरत होता. मग खजिनदार सुधीर पेन काढून म्हणाला, "म्हणजे वार्षिक सभेपासून धरायचं ना?"

पाणी आलं, पण ते सुधीरनेच प्यायलं.

आता सेक्रेटरीपद म्हणजे काही फार मोठी गादी नव्हे. एक रबरी शिक्का, कपाटाची किल्ली, आणि नळाला पाणी नसलं की पहिली शिवी खाण्याचा मान. पण बँक सुटल्यापासून ओव्हाळांना दुसरं कोणी काही विचारत नव्हतं. मुलगी बंगळुरूला, ती फोनवर आईशी बोलायची आणि शेवटी "बाबा बरे आहेत ना" एवढं विचारायची. ते पद गेलं असतं, तर सकाळी उठून पँट घालायची कशासाठी, हा प्रश्न होता. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही, पण त्यांच्या पत्नी वासंतीबाईंना ते न सांगता कळलं होतं.

"तुमच्या नोटिसा कोणी वाचत नाही," त्या म्हणाल्या. "चित्र लावा."

नोटिसा कोणी वाचत नव्हतं हे खरं. 'सर्व सभासदांस कळविण्यात येते की' इथपर्यंत आलं की वाचणाऱ्याची लिफ्ट यायची. तेव्हा ओव्हाळांनी डोंबिवलीतल्या एका फ्लेक्सवाल्याकडून चित्र करून आणलं. गाऊन घातलेली एक बाई जिन्यात कचऱ्याची पिशवी ठेवून हळूच निघाली आहे आणि खाली मोठ्या अक्षरात 'हे योग्य आहे का?'

फ्लेक्स सकाळी लागला. दुपारी दुसऱ्या मजल्यावरच्या कल्पिताबाई दारात उभ्या.

"गाऊन माझा आहे," त्या म्हणाल्या.

"वहिनी, ही बाई कोणीही असू शकते."

"जांभळा, त्यावर पांढरी फुलं. कोणीही कशी असेल? मग गाऊन बदला."

ओव्हाळांनी गाऊनची साडी केली. ती चौथ्या मजल्यावर ज्यांना सगळेच सासूबाई म्हणतात, त्यांची निघाली. बाईचा बुवा केला आणि त्याला मिशा दिल्या, तर सुधीर दोन दिवस बोलेना. मिशा काढल्या, तेव्हा चेहरा सुधीरच्या मेहुण्यासारखा दिसू लागला, आणि तो बिचारा भिवंडीला राहणारा, त्याचा या कचऱ्याशी काडीचा संबंध नव्हता. शेवटी फ्लेक्स उतरवून पाण्याच्या पंपावर पांघरला. पंपाला तो चांगला बसला.

"तिसऱ्या मजल्यावरच्या मृणालला विचारा," वासंतीबाई म्हणाल्या. "ती ठाण्याला कार्टून काढते."

"मी सोसायटी चालवतो, बालवाडी नव्हे," ओव्हाळ म्हणाले, आणि सोमवारी ठाण्याला गेले.

मृणालचा स्टुडिओ टेंभी नाक्याजवळच्या गल्लीत, एका फरसाणवाल्याच्या वर होता. आत भिंतभर एकाच बोक्याची चित्रं होती. बोका हसतोय, बोका रुसलाय, बोका खोटं बोलतोय. ओव्हाळ खोटं बोलणाऱ्या बोक्यापाशी थबकले, कारण तो खोटं बोलतोय हे त्यांना लगेच कळलं होतं आणि कसं कळलं ते कळत नव्हतं.

"भुवया," मृणाल म्हणाली. "एक वर, एक खाली. खऱ्या मांजराला अशा भुवया नसतात, काका. आम्ही लावतो. डोळेही थोडे पुढे आणतो, दोन्ही डोळे बघणाऱ्याकडे आले की माणसाला तिथे माणूस दिसायला लागतो. आपल्याला ती खोडच असते. गाडीच्या दिव्यांतही चेहरा दिसतो आपल्याला."

ओव्हाळांनी फ्लेक्सची सगळी कर्मकहाणी सांगितली. ती ऐकताना मृणाल हसली नाही, हे त्यांना आवडलं.

"माणूस काढलात तिथेच फसलात," ती म्हणाली. "माणूस काढला की त्याला वय येतं, कपडे येतात, कपड्यांवरून घर कळतं, नाकावरून गाव कळतं. मग तो 'कोणीतरी' राहत नाही, दुसऱ्या मजल्यावरचा होतो. मांजर कुठल्याच मजल्यावरचं नसतं. म्हणून त्याच्या चुकीवर सगळे हसतात. शिवाय तो मांजर आहे म्हटलं की स्वभाव सांगत बसावं लागत नाही. तोंड उघडायच्या आत अर्धी ओळख झालेली असते. सात मिनिटांच्या गोष्टीत ते फार उपयोगी पडतं."

"मग प्राणी कोणता घ्यायचा, ते कसं ठरवता?"

"प्राणी शेवटी येतो. आधी स्वभाव. त्याला काय हवंय, आणि ते मिळालं नाही तर तो काय करतो. मग तसं वागणारा प्राणी शोधायचा. लोक त्याच्याबद्दल काय समजतात तेही बघायचं, आणि तो खरंच कसा वागतो तेही. घुबडाचं बघा. परदेशी गोष्टीत घुबड चष्मा लावून शिकवतं. आपल्याकडे कोणाला घुबड म्हणून बघा."

"आणि अंगाची ठेवण?"

"तीही बोलते. गोल आकार मायाळू वाटतो, चौकोनी माणूस हलत नाही असं वाटतं, टोकं आली की भीती. आणि सगळं काळ्या रंगाने भरून नुसती सावली ठेवली तरी कोण ते ओळखू आलं पाहिजे." तिने एक कागद उलटून दाखवला, त्यावर पाच काळे आकार होते आणि ओव्हाळांनी त्यातला बोका, हत्ती आणि बगळा ओळखला. उरलेले दोन ओळखले नाहीत म्हटल्यावर मृणालने शांतपणे त्या दोघांवर फुली मारली. आपल्या अज्ञानाचा कोणाला तरी उपयोग झाला, असा प्रसंग त्यांच्यावर प्रथमच येत होता.

"एक मात्र माझी अट," ती म्हणाली. "प्राणी स्वभावाला द्यायचा. कोणाच्या जातीला, धंद्याला, अंगाच्या जाडीला द्यायचा नाही. तसं केलं की ते कार्टून राहत नाही, शिवी होते."

ओव्हाळांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "ही अट सोसायटीच्या नियमांतच घालायला हवी." आणि त्या क्षणापासून त्यांना मृणाल पटली.

पण सुखसागरमध्ये नुसतं सेक्रेटरीला पटून काही होत नाही, कमिटी बसावी लागते. कमिटीत अध्यक्ष राघोशेठ म्हात्रे. इमारत त्यांच्याच शेतावर उभी असल्याने ते तहहयात अध्यक्ष होते आणि बहुतेक सभा झोपेत चालवत. कमिटीने एकेक प्राणी तपासला. कुत्रा नको, कारण इमारतीत कुत्र्यांना बिस्किटं घालणारे आणि त्यांच्यावर अर्ज करणारे असे दोन पक्ष होते. उंदीर नको, तो बाप्पाचं वाहन. माकडाला मारुती आडवा आला. गाईचं नाव कोणी काढलंच नाही. मोर राष्ट्रीय पक्षी, त्याच्या हातात कचऱ्याचा डबा बरा दिसत नाही. वाघाचं नाव निघाल्यावर सुधीर म्हणाला, "ठाणे जिल्ह्यात वाघ लावला की लोक आधी वॉर्ड कुठला ते विचारतात."

"मांजर चालेल," कल्पिताबाई म्हणाल्या. "पण त्याच्या ओल्या कचऱ्यात मासळीचे काटे दाखवू नका. आमच्याकडे चालत नाही."

"मांजराकडे वांग्याची देठं कशी निघतील, वहिनी?" ओव्हाळांनी विचारलं.

हा प्रश्न मृणालकडे गेला. तिचं म्हणणं, हे दर वेळी येतं. प्राणी माणसासारखे राहायला लागले की त्यांनी काय खायचं ते आधी ठरवावं लागतं, नाहीतर शेजारी शेजाऱ्याला खाईल. गोष्टीत ज्यांना बोलता येतं त्यांना कोणी खायचं नाही, एवढी सीमा आखली की पुरतं. कचऱ्यात चहाचा चोथा दाखवला गेला. चहावर इमारतीत दोन मतं नव्हती.

"म्हस घे," राघोशेठ डोळे न उघडता म्हणाले. "म्हशीला कोन नाय बोलत नाय."

म्हैस मंजूर झाली.

राहिला होता मुख्य प्रश्न. मृणाल काढणार होती त्या चित्रांत एक सेक्रेटरीही लागणार होता, सगळ्यांना समजावून सांगणारा. ओव्हाळांनी हा विषय कमिटीपुढे आणलाच नाही. एका संध्याकाळी ते परस्पर मृणालच्या घरी गेले आणि छताकडे बघत म्हणाले, "सिंह कसा वाटतो?"

"कोणासाठी?"

"सेक्रेटरीसाठी. म्हणजे कुठल्याही. सर्वसाधारण."

मृणालने पेन्सिल घेतली. "त्याचं कोणी ऐकलं नाही तर तो काय करतो?"

"पुन्हा सांगतो."

"तरी नाही ऐकलं?"

"मोठ्याने सांगतो."

"आणि तरीही?"

ओव्हाळांनी विचार केला. "बी विंगला जाऊन सांगतो."

"मग सिंह नाही, काका. सिंह एकदा सांगतो. त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागलं की तो विनोद होतो. तसा विनोद मुद्दाम करतातही, मोठ्या अंगाचा घाबरट. पण तुमचा सेक्रेटरी घाबरट आहे का?"

"मुळीच नाही."

"मग मी बघते," ती म्हणाली, आणि तिने बघितलं. पुढचे काही दिवस घंटागाडी आली की ती सकाळी गॅलरीत चहा घेऊन उभी असायची. खाली ओव्हाळ हात पाठीमागे बांधून चार पावलं पळायचे, थांबायचे, मान ताठ करून इकडेतिकडे बघायचे, वाकून पिशवीत डोकवायचे, "सुका वेगळा, सुका वेगळा" असं ओरडायचे आणि पुन्हा चार पावलं पळायचे. त्यांना वाटलं, मुलगी सूर्योदय बघते.

चित्रं लिफ्टशेजारी लागली तेव्हा इमारतीत लिफ्टसाठी नाही तर चित्रांसाठी रांग लागली. एक मांजर होतं, अंगावर एक केस विस्कटलेला नाही, आणि तोंडाने पंजा चाटता चाटता मागच्या पायाने आपली पिशवी शेजाऱ्याच्या दाराकडे सरकवत होतं. माणसासारखं दोन पायांवर उभं, पण शेपूट मात्र खऱ्या मांजराचं, आणि ते शेपूटच सांगत होतं की ही चोरी आहे. एक खार होती, तिने जुने डबे, वर्तमानपत्रं आणि छत्रीच्या काड्या पॅसेजमध्ये रचून वर 'लागेल कधीतरी' असा चेहरा केला होता. चौकोनी म्हैसोबा स्कूटर बरोबर गेटमध्ये लावून रवंथ करत उभे होते. ही म्हैस पुरुष होती, एवढी काळजी मृणालने घेतली होती.

आणि मग जे झालं, त्याची ओव्हाळांना कल्पना नव्हती. कोणीही भांडायला आलं नाही. कल्पिताबाई लिफ्टमध्ये हळूच म्हणाल्या, "मांजर हुबेहूब चौथ्या मजल्यावरचं." चौथ्या मजल्याने कळवलं की मांजर दुसऱ्या मजल्यावरचंच, पण चांगलं जमलंय. सुधीर खारीपुढे उभा राहून पोट धरून हसला आणि म्हणाला, "हे आमच्या सासऱ्यांना दाखवायला हवं." त्याच्या स्वतःच्या दाराबाहेर तेव्हा तीन जुने टायर होते. प्रत्येकाने शेजाऱ्याला ओळखलं, स्वतःला कोणी नाही. राघोशेठ तेवढे म्हणाले, "म्हस मीच," आणि स्कूटर बाजूला घेतली.

पण मनात कुठेतरी ते लागत असावं. कारण आठवड्याभरात जिन्यातल्या पिशव्या कमी झाल्या. आपण मांजर नाही हे सिद्ध करायला लोक दोन-दोन डबे घेऊन खाली उतरू लागले, आणि दुसऱ्याचं मांजरपण उघडं पाडायला त्याच्या डब्यातही डोकावू लागले. टायर रातोरात कुठे गेले, ते सुधीरने सांगितलं नाही.

स्वतःला ओळखणारा दुसरा इसम म्हणजे ओव्हाळ. शेवटच्या चित्रात एक टिटवी होती. काडीसारखे पिवळे पाय, ताठ मान, गळ्याखाली काळा पट्टा, म्हणजे त्यांचं मफलरच, डोळ्यापुढे लाल चामडी जिथे त्यांच्या चष्म्याची लाल दोरी लोंबते. पंख पाठीमागे बांधलेले. चोच उघडी. आणि कपाळावर दोन काळजीने वर गेलेल्या भुवया.

ते जेवले नाहीत. म्हणजे जेवले, पण भात परत घेतला नाही.

"टिटवी," ते मृणालला म्हणाले. "अपशकुनी पक्षी. दिवस नाही, रात्र नाही, नुसती केकाटत फिरते."

"काका, मी टिटवीचा अपशकुन नाही घेतला. ती का ओरडते, ते घेतलं. तुम्हीच म्हणालात, पुन्हा सांगतो, मग मोठ्याने सांगतो."

"आणि टिटवीला भुवया नसतात. त्या काढा."

"भुवया काढल्या तर ती चिडकी दिसेल. आता काळजी करणारी दिसतेय. सगळा फरक तेवढ्याच दोन रेघांत आहे."

"मी काळजी करणारा दिसत नाही," ओव्हाळ म्हणाले. मृणाल त्यांच्या कपाळाकडे बघत होती.

वार्षिक सभेला गच्चीवर सतरंज्या घातल्या होत्या. ओव्हाळांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, आणि मफलर मुद्दाम घरी ठेवलं होतं. सुधीरने वाचून दाखवलं की कचरा वेगळा होतो आहे, सबब सेक्रेटरींच्या राजीनाम्याचा प्रश्न उरत नाही. टाळ्या पडल्या. तेव्हा ओव्हाळ उठून उभे राहिले.

"कचरा वेगळा झाला, तो मांजराला लाजून झाला," ते म्हणाले. "माझ्या सांगण्याने झाला नाही. इतकी वर्षं मी सांगतोय. शेवटी माझं काय झालं, तर ते लिफ्टशेजारी लावलेलं आहे. ज्याचा नुसता आवाज होतो असा पक्षी. इमारतीचं मत तेच असेल, तर मी खरोखरच राजीनामा देतो."

या खेपेला रीत पाळायला हरकत नव्हती. पण पाण्यासाठी कोणी उठलं नाही. वासंतीबाई खाली बघत होत्या. मृणालचा चेहरा पडला होता.

राघोशेठांनी डोळे उघडले.

"जेथं आपली बिल्डिंग हाय ना, तेथं आमचं भातशेत व्हतं," ते म्हणाले. "टिटवी उघड्यावर अंडी घालते. झारावर नाय, बिलात नाय, नुसती जमिनीवर. मातीचेच रंगाची, दिसाची नाय. बैल आले का ती म्होरं येऊन वरडाची. येवढीशी ती, नि बैल केवढा, पन हलाची नाय. आमचा बाबूस, म्हंजे बाप, नांगर बाजूनशी वलवून न्यायचा. तेवढा तुकडा तसाच ठेवाचा, पिल्ला निघेपरेंत." ते थांबले, जणू एवढं बोलण्याची सवय नव्हती. "ती वरडली नसती तं पाय परला असता. आमी तिला कवा वाईट नाय बोललो. रवीभाऊ, तुमी वरडा. तो टाकीचा झाकन उघडा व्हता तवा बी तुमीच वरडलेले."

अंगणातल्या जमिनीखालच्या टाकीचं झाकण दोन पावसाळ्यांपूर्वी उघडं राहिलं होतं, आणि शेजारीच पोरं क्रिकेट खेळत होती. ओव्हाळ तेव्हा बी विंगपर्यंत ओरडत गेले होते. त्या वेळी लोकांनी खिडक्या लावून घेतल्या होत्या. आता कोणीही कोणाकडे बघत नव्हतं.

"मग राजीनाम्याचं काय लिहू?" सुधीरने हळूच विचारलं.

"अहो ओव्हाळ, असं काय करता," कल्पिताबाई म्हणाल्या.

मग चौथ्या मजल्याच्या सासूबाईही तेच म्हणाल्या, आणि मागून दोघंतिघं. कोणीतरी पाणी आणलं. या वेळी सुधीरने पेला हातात घेतला आणि तो ओव्हाळांसमोर ठेवला. ओव्हाळ बसले. पाणी पिताना त्यांनी पेला जरा जास्तच वेळ तोंडाला लावून ठेवला, कारण पेल्याआड चेहरा बरा राहतो.

पुढचा विषय गच्चीच्या गळतीचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी घंटागाडी आली. ओव्हाळ खाली उतरले, मफलर बांधून. लिफ्टच्या आरशात त्यांना आपल्या भुवया दिसल्या. त्यांनी त्या खाली ओढून बघितल्या. सोडल्या की पुन्हा वर जात होत्या. शेवटी त्यांनी नाद सोडला.

"सुका वेगळा, सुका वेगळा," ते गेटपाशी ओरडले.

दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत जांभळा गाऊन दिसला. "ऐकलं हो, ऐकलं," कल्पिताबाई म्हणाल्या.

ओव्हाळ जागच्या जागी उभे राहिले. इतक्या वर्षांत वरून हे कोणी म्हटलं नव्हतं. नोटिशीत बसेल असं एकही वाक्य त्यांना सुचेना. तेव्हा हात पाठीमागे बांधून ते चार पावलं पळाले, थांबले, मान ताठ करून त्यांनी इकडेतिकडे बघितलं, आणि ते बी विंगकडे सांगायला निघाले.